नाव बदलले, तक्ता तोच

जिममध्ये पैसे भरून पर्सनल ट्रेनर घेताना आपण बहुतेक एकच प्रश्न विचारतो. किती दिवसांत किती किलो? मी माझ्या वेळी तोच विचारला होता आणि माझ्या आपाने, म्हणजे थोरल्या बहिणीने, तिच्या वेळी तोच विचारला. या प्रश्नाचे उत्तर समोरून चुटकीसरशी येते, कारण ते सगळ्यांसाठी एकच असते. आणि जो प्रश्न सगळ्यांनी सारखाच विचारला, त्याचे उत्तर म्हणून मिळणारा तक्ताही सारखाच असला, तर तक्रार नेमकी कोणाविरुद्ध करायची? थोडी जिमविरुद्ध करूच. पण आधी आपा.

आपा 54 वर्षांची आहे. उर्दू शाळेत तिने आयुष्यभर शिकवले, म्हणजे आयुष्यभर उभी राहिली. आता गुडघे दुखतात. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितले की सांध्याची झीज सुरू झाली आहे, मांडीचे स्नायू बळकट करा, व्यायाम बंद करू नका. रक्तदाबासाठी ती मेटोप्रोलोलची गोळी घेते. आणि दोन वर्षांपासून ती नमाज खुर्चीवर बसून पढते. खुर्चीवर नमाज होते, त्यात कमीपणा काही नाही, हे मोहल्ल्यातल्या इतर बायकांना तीच समजावून सांगते. पण स्वतःचे कपाळ जमिनीला लागत नाही याची खंत तिच्या मनात होती. ती तिने जिममध्ये कोणाला सांगितली नाही, कारण कोणी विचारलेच नाही.

दुपारी लेडीज बॅच असते, ट्रेनर मुलगीच आहे, म्हणून तिने नाव घातले. तीन महिन्यांचे 15,000 रुपये. दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर पीडीएफ आली. वर ठळक अक्षरांत आपाचे नाव, खाली लिहिलेले की हा प्लॅन 'खास आपल्यासाठी' तयार केला आहे. ट्रेडमिल 20 मिनिटे, सायकल 10 मिनिटे, स्क्वॉट 15 चे तीन सेट, लंजेस, क्रंचेस, अडीच किलोच्या डंबेलचे दोन-तीन व्यायाम. शेजारची एक मुलगी त्याच बॅचला जाते. वय 22, महिन्याभराने तिचे लग्न. दोघींनी ओट्यावर बसून फोन शेजारी शेजारी धरले. नाव सोडून सगळे तेच. 'लंजेस'च्या स्पेलिंगमधली चूकसुद्धा तीच.

आता कोणी म्हणेल, मूलभूत व्यायाम तर सगळ्यांचे तेच असतात. हे खरे आहे, आणि ते मी आधीच मान्य करून टाकतो. नवख्या माणसाला बसून उठणे, ढकलणे, ओढणे, वजन उचलून चालणे, याच चार-पाच हालचाली शिकायच्या असतात. एखादा ट्रेनर सरळ म्हणाला, 'पहिले चार आठवडे मी सगळ्यांना हेच देतो, मग तुमचे पाहून बदलतो,' तर तो मला प्रामाणिक वाटतो. माझे भांडण सारख्या तक्त्याशी नाही. सारखा तक्ता 'खास तुमच्यासाठी' म्हणून 15,000 ला विकण्याशी आहे. ग्रुप बॅचचे पैसे वेगळे आणि पर्सनलचे वेगळे घेता, तर त्या फरकाच्या पैशात काय दिले ते दाखवा, एवढेच.

ते दाखवता येते की नाही, हे कळायला व्यायामशास्त्र शिकावे लागत नाही. योग्य प्रश्न विचारावा लागतो. तिसऱ्या दिवशी ट्रेडमिलवरून उतरताना आपाला चक्कर आली, तेव्हा मी तिच्याबरोबर गेलो आणि बॅच सुटल्यावर त्या मुलीशी बोललो. मुलगी वाईट नव्हती, हे आधीच सांगतो. आपाला ती 'मॅडम' म्हणत होती आणि आपा तिला 'बेटा'. दोघी एकमेकींना सांभाळून घेत होत्या, म्हणून मलाच वाईट व्हावे लागले.

मी विचारले, "प्लॅन करण्याआधी तुम्ही आपाला काय काय विचारलं?" तिने फॉर्म दाखवला. नाव, वय, वजन, उंची, ध्येय. 'ध्येय'समोर तीन चौकोन: वजन कमी, वजन वाढ, फिटनेस. खाली आजारांची एक ओळ, आणि तिथे आपाच्याच अक्षरात लिहिलेले होते: बीपीची गोळी, गुडघे. म्हणजे फॉर्म होता, माहितीही होती. अशा चौकशीची एक मान्य प्रश्नावली जगभर वापरतात. तिच्या पहिल्या पानावर सातच प्रश्न असतात: हृदयविकार किंवा रक्तदाब, छातीत दुखणे, चक्कर, इतर जुनाट आजार, चालू औषधे, हाडा-सांध्यांचे दुखणे, आणि डॉक्टरांनी देखरेखीखालीच व्यायाम करायला सांगितले आहे का. चांगल्या जिममध्ये हा कागद भरून घेतातच. पण कागद भरून घेतला म्हणजे वाचला असे होत नाही. म्हणून मी माझा दुसरा प्रश्न विचारला, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नांत हाच कामाचा आहे.

"या फॉर्मवरच्या कोणत्या उत्तरामुळे प्लॅनमधली कोणती ओळ बदलली?"

ती गप्प बसली. मग म्हणाली, "सर, सिस्टीममध्ये चार प्लॅन आहेत. लेडीजचे दोन. आम्ही नाव टाकतो."

तिने हे सांगितले याबद्दल मी तिचा आभारी आहे. हाच प्रश्न एखाद्या चतुर माणसाला विचारला असता, तर तो 'बॉडी टाइप'वर घसरला असता. तुम्ही एंडोमॉर्फ आहात, तुमचे शरीर चरबी साठवते, म्हणून हा प्लॅन. ही तीन प्रकारांची विभागणी 1940 च्या दशकात विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मांडली, आणि तीही शरीराच्या ठेवणीवरून माणसाचा स्वभाव ओळखण्यासाठी. साऱ्या मानवजातीला तीन डब्यांत बसवणाऱ्या गोष्टीला वैयक्तिक म्हणायचे असेल, तर रेल्वेचे तिकीटही वैयक्तिकच म्हणावे लागेल, त्यावरही आपले नाव असते. दुसरी चलाखी मशीनच्या कागदाची. अनवाणी उभे राहा, मूठ धरा, आणि चरबी, स्नायू, पाणी यांचे आकडे छापून येतात. ते मशीन शरीरातून सौम्य वीज सोडून अंदाज बांधते, आणि पाणी कमी-जास्त प्यायल्याने, जेवल्याने, घाम गाळल्यानेही तो अंदाज हलतो. तरी मशीनवर माझा राग नाही. राग यावर की कागद रंगीत येतो, आपण खूश होतो, आणि त्या कागदामुळे प्लॅनमधली एकही ओळ बदलत नाही. त्यालाही हाच प्रश्न विचारावा: या आकड्यामुळे काय बदलले?

आता आपाच्या गोळीकडे येऊ, कारण न वाचलेल्या ओळीची किंमत तिथे कळते. त्या जिमच्या भिंतीवर नाडीच्या ठोक्यांचा तक्ता आहे. 220 मधून वय वजा करा, तेवढे तुमचे जास्तीत जास्त ठोके. आपाचे आले 166. त्याच्या 70 टक्के म्हणजे 116, आणि 80 टक्के म्हणजे 133. 'मॅडम, 116 च्या वर गेल्याशिवाय फॅट बर्न होत नाही,' असे तिला सांगितले होते. आपा ट्रेडमिलवर चालत होती, तिला धाप लागली होती, बोलता येत नव्हते, आणि पट्टीवर आकडा 98. मुलीला वाटले मॅडम आळस करतायत. तिने वेग वाढवला.

मेटोप्रोलोल ही बीटा ब्लॉकर जातीची गोळी. हृदयाचा वेग खाली ठेवणे हेच तिचे काम. ती घेणाऱ्या माणसाचे ठोके कष्ट करूनही भिंतीवरच्या तक्त्याइतके चढत नाहीत, आणि ते चढवायचा हट्ट धरला तर माणूस थकून पडेल, आकडा तिथेच राहील. शिवाय 220 वजा वय हे सूत्र गोळी न घेणाऱ्यांसाठीही ढोबळच आहे, एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज निघतो. आपासारखीसाठी उपाय अगदी साधा आणि फुकटचा होता: चालताना तिच्याशी बोलत राहणे. पूर्ण वाक्य बोलता येते पण गाणे म्हणता येणार नाही इतपत दम लागला, तर कष्ट मध्यम आहेत. तीन-चार शब्दांनंतर थांबावे लागले, तर जास्त आहेत. चकरेबद्दल मात्र आम्ही आधी डॉक्टरांकडे गेलो. गोळी आपल्या मनाने पुढे-मागे करायची नसते, आणि ते ठरवणे ट्रेनरचेही काम नाही. डॉक्टरांनी रक्तदाब तपासला, गोळी तीच ठेवली, वेग उतरवायला सांगितले आणि ट्रेडमिलवरून एकदम न उतरता शेवटची पाच मिनिटे हळू चालायला सांगितले.

जो ट्रेनर 'बीपीची गोळी कोणती?' एवढे विचारतो, त्याने तुमच्यासाठी विचार सुरू केला आहे. जो 'बीपी आहे ना, मग हळूहळू करू' म्हणतो, त्याने अजून केलेला नाही.

गुडघ्याचेही तसेच झाले. फॉर्मवर 'गुडघे' लिहिलेले, आणि तक्त्यात 15 स्क्वॉटचे तीन सेट. दुखते म्हटल्यावर मिळालेले उत्तर: मग स्क्वॉट सोडून द्या मॅडम, सायकल वाढवा. हे उत्तर ऐकायला काळजीचे वाटते, पण मला यात सगळ्यात जास्त चूक दिसते. दुखतो तो व्यायाम काढून टाकणे म्हणजे वैयक्तिक प्लॅन नव्हे. आपाला तर बसून उठण्याचीच ताकद हवी होती, आणि तीच ओळ खोडली. त्याजागी काय, आणि ते कशासाठी, हे विचारायला हवे.

मी म्हणालो, "आपा, तुला नक्की काय जमायला हवंय ते हिला सांग." आपा बराच वेळ ओढणीचे टोक चाळवत राहिली. मग म्हणाली, "बेटा, मला सजद्यातून उठता यायला हवं. कोणाचा हात न धरता." मुलगी हिंदू घरातली, तिला सजदा म्हणजे काय ते नीट माहीत नव्हते. आपाने तिथेच मॅटवर अर्धेमुर्धे करून दाखवले. गुडघे टेकणे, कपाळ टेकणे, परत उठणे. आणि मुलीचा चेहरा बदलला, कारण आता तिच्यासमोर एक काम होते. ती म्हणाली, "म्हणजे मॅडम, तुम्हाला खालून वर यायचंय. मग क्रंचेसचा काय उपयोग?" हा प्रश्न तिचाच होता, माझा नव्हे. तिला येत होते, पण तसा विचार करायला तिला कोणी सांगितले नव्हते.

पुढचा अर्धा तास पाहण्यासारखा होता. तिने एक खुर्ची आणली. साधारण 45 सेंटिमीटर उंच. आपाला हात न लावता उठायला सांगितले. दोनदा उठली, तिसऱ्यांदा गुडघा धरला. मग खुर्चीवर दुमडलेली मॅट ठेवून बैठक दहा सेंटिमीटर वर आणली. आता आपा आठ वेळा उठली. दुखणे दहापैकी किती, असे विचारले तर म्हणाली दोन-तीन. इतपत दुखणे चालते, पण ते वाढत जाता कामा नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळच्या पातळीवर यायला हवे. नाही आले तर पुढच्या वेळी उंची वाढवायची किंवा संख्या कमी करायची. म्हणून आपाचा आकडा ठरला: उंच बैठकीवरून आठ, दोन सेट, आठवड्यात तीन दिवस, मधे एक दिवस सोडून. तक्त्यातले 15 चे तीन सेट कुठून आले होते, ते कोणालाच सांगता आले नाही. हे आठ कुठून आले, ते आम्ही तिघांनीही पाहिले होते.

पुढचे विचारायचे ते हेच की वाढवणार कधी आणि किती. 'दर आठवड्याला वाढवू' हे उत्तर कॅलेंडरकडे पाहून दिलेले आहे, माणसाकडे पाहून नाही. आपल्या जिममधले डंबेल पाहा: अडीच, पाच, साडेसात, दहा. वजन एका वेळी दोन ते दहा टक्के वाढवावे असे या विषयातली जाणकार मंडळी सांगतात. आणि इथे अडीचवरून पाचवर गेलात की वजन थेट दुप्पट. म्हणून ज्याला काम कळते तो ट्रेनर आधी संख्या वाढवतो. आठचे दहा, दहाचे बारा, बाराचे पंधरा. आणि शेवटच्या सेटनंतरही 'अजून दोन होतील' अशी शिल्लक सलग दोन दिवस दिसली की मगच पुढचा डंबेल, आणि त्या दिवशी संख्या परत खाली. आपाच्या उठण्या-बसण्यात तर डंबेलचा प्रश्नच नव्हता. तिची वाढ उलट्या दिशेने होती. मॅट काढायची, मग नुसती खुर्ची, मग मोडा, मग पाट. जसजशी बैठक खाली जाईल तसतसे काम जड. घरातल्या चार वस्तूंत तिचा तीन महिन्यांचा तक्ता बसला.

आणि 'लेडीज प्लॅन' या शब्दाबद्दल थोडे बोलायलाच हवे, कारण आमच्या बायकांना याची सवय लावली गेली आहे. दुपारची बॅच, पडदा, मुलगी ट्रेनर, एवढी सोय केली की बायकांचा विचार झाला असे समजतात. सोय हवीच, त्याशिवाय आपा जिमची पायरी चढली नसती. पण सोय वेळेची झाली, प्लॅनची नाही. 22 वर्षांची मुलगी आणि पाळी जाऊन चार वर्षे झालेली बाई यांत सारखे काय, तर दोघी बाया. पाळी गेल्यावर हाडे वेगाने विरळ होतात, आणि हाडांना व स्नायूंना त्या वयातच पुरेशा वजनाचा ताण लागतो. नेमके त्याच बाईला अडीच किलोवर थांबवायचे आणि ट्रेडमिलवर चालवायचे. 'वजनं उचलली तर अंग पुरुषी होईल' असे आपल्याकडच्या बायकाच बायकांना सांगतात. आपाने आज पाचचा डंबेल घेऊन पाठीचा व्यायाम केला तरी तिचे अंग तसेच आहे, माझी खात्री करून झाली आहे.

शेवटचा प्रश्न मी मुद्दाम ठेवला होता. "रमजानमध्ये काय करणार?" मुलीने मॅनेजरकडे पाहिले. मॅनेजर तत्परतेने म्हणाला, "सर, एक महिना मेंबरशिप फ्रीज करून मिळेल." पाहा, प्रश्न व्यायामाचा होता आणि उत्तर हिशेबाचे आले. हा प्रश्न मुसलमानांनीच विचारावा असे नाही. नवरात्राचे नऊ दिवस उपास करणारीने विचारावा, रात्रपाळीच्या माणसाने आपल्या पाळीचा विचारावा, ऊसतोडीच्या हंगामात गावी जाणाऱ्याने विचारावा. तुमचे वर्ष जसे आहे तसे समोर ठेवले की तक्ता तुमच्यासाठी वाकतो की मोडतो, ते लगेच दिसते.

महिनाभर सगळे सोडले तर तीन महिन्यांची कमाई ओसरू लागते. टिकवायला मात्र मिळवण्यापेक्षा खूप कमी लागते. आपाचे आम्ही असे ठरवले: आठवड्यात तीनऐवजी दोन दिवस, इफ्तारनंतर दीड तासाने, घरीच. सेट दोनऐवजी एक. पण बैठकीची उंची तीच, ती वर न्यायची नाही, कारण कामाचा जडपणा राखला तरच ताकद राहते. चालणे इफ्तारच्या आधी नको, पाणी प्यायल्यानंतर. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांचे गणित याहून वेगळे असते. ते डॉक्टरांशी आधी बोलूनच ठरवावे, आणि साखर 70 च्या खाली गेली तर रोजा तिथेच सोडायचा असतो, व्यायाम केला असो वा नसो.

हे सगळे विचारायला मला तास लागला. त्या तासात मॅनेजर तीनदा डोकावून गेला, कारण मुलीचा पुढचा क्लायंट थांबला होता. एका ट्रेनरकडे किती माणसे द्यायची हे तोच ठरवतो, आणि पीडीएफ पाठवायलाही तोच सांगतो. त्यामुळे ज्याला खरोखर जाब विचारायचा तो ट्रेनर क्वचितच असतो. तरी प्रश्न तिलाच विचारावे लागतात, कारण उत्तर देता देता तिलाही कळते की तिला उत्तर द्यायला वेळच दिलेला नाही. पैसे भरण्याआधी विचारले असते तर बरे झाले असते. आम्ही भरल्यावर विचारले.

आपाचा चौथा महिना चालू आहे. मॅट गेली, खुर्ची गेली, आता मोड्यावर आहे. पाट अजून जमत नाही. फज्रची नमाज ती जमिनीवर पढते, उठताना शेजारच्या पलंगाला एक हात लावून. बाकीच्या चार अजून खुर्चीवर. वजन किती कमी झाले म्हणून मी परवा विचारले, तर म्हणाली, "दीड किलो. पण ते तुझं ध्येय होतं, माझं नव्हे." आणि त्या मुलीने आपाची जुनी पीडीएफ फोनमधून पुसून टाकली आहे. तिच्याकडे आता एक शंभर पानी वही आहे, त्यात प्रत्येक बाईचे पान वेगळे. आपाच्या पानावर सगळ्यात वर तिने निळ्या पेनाने लिहिले आहे: गोळी मेटोप्रोलोल, ठोके पाहू नये, बोलत राहावे.